एकाच शिल्पात राजा दोनदा कसा?

“भुसावळहून गाडी पकडून सांचीला जाऊन आलो. एका पट्टीवर तोच राजा आणि तेच माकड दोनदा कोरलंय. जुन्या कारागिरांना काळ दाखवता येत नव्हता, म्हणून सगळं एकत्र कोंबायचे, असं लहानपणापासून ऐकतोय. खरं का?”

नाही. तुम्ही पाहिलंत ते महाकपी जातक, म्हणजे बुद्धाच्या वानरराजा असतानाच्या पूर्वजन्माची गोष्ट, मोठ्या स्तूपाच्या पश्चिम तोरणाच्या खांबावरची. तिथे वरून खाली नदी वाहते. वर वानरराजानं नदीवर स्वतःच्या अंगाचा पूल केलाय आणि बाकीची माकडं त्याच्या पाठीवरून पलीकडे निसटताहेत. खाली घोड्यावर राजा आहे, शिपाई आहेत, एक तिरंदाज वर नेम धरतोय. नदीपाशी दोन माणसं कापड ताणून उभी आहेत, दमलेल्या वानरराजाला अलगद झेलायला. आणि झाडाखाली तोच राजा, आता घोड्यावरून उतरून, त्याच्याशी बोलत बसलाय.

कारागिरानं प्रसंग रांगेत लावले नाहीत, जिथे घडले तिथे ठेवले. नदी एकदाच कोरली, कारण जागा एकच. बदललं ते पात्रांचं काम, म्हणून तीच पात्रं पुन्हा आली. मला तर कापड धरलेली ती दोन माणसं फार आवडतात: पाठलाग आणि संवाद यांच्यामधला क्षण त्यांनीच धरून ठेवलाय.

मात्र सारखी दिसणारी प्रत्येक आकृती म्हणजे पुनरावृत्ती नव्हे. पुलावरची माकडं खरोखरच अनेक आहेत. ओळखायचं कसं? मुख्य पात्र धरा आणि त्याचं काम बदललंय का ते पाहा. अजिंठ्याला सतरा नंबरच्या लेण्यातही हेच जातक रंगवलेलं आहे. जळगावहून जाल तेव्हा तिथे हीच युक्ती वापरून बघा.