डोळ्याखालची काळी वर्तुळं : क्रीमने काय होतं, काय होत नाही

डोळ्याखालची काळी वर्तुळं, म्हणजे सगळे ज्याला डार्क सर्कल्स म्हणतात ते, हा एकच प्रॉब्लेम नाहीये. निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी बाहेरून बघायला सारख्या दिसतात म्हणून त्यांना एकच नाव पडलंय. एकात चामडीतच रंग साठलेला असतो, दुसऱ्यात पातळ चामडीतून खालच्या रक्तवाहिन्या आणि स्नायू दिसत असतात, आणि तिसऱ्यात रंग बिंग काही नसतोच, फक्त खाचेची किंवा डोळ्याखालच्या पिशवीची सावली पडलेली असते. आय क्रीमच्या ट्यूबवर हा फरक कुठेच लिहिलेला नसतो, त्यामुळे मैत्रिणीला जे लागू पडलं ते आपल्याला का नाही पडलं याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. आपल्याकडच्या गव्हाळ-सावळ्या स्किनमध्ये रंगाचा प्रकार खूप दिसतो, आणि एकाच चेहऱ्यावर दोन-तीन प्रकार मिसळलेले असणं तर अगदी कॉमन आहे.

आपलं नेमकं काय आहे हे घरी बऱ्यापैकी ओळखता येतं. दिवसाउजेडी खिडकीकडे तोंड करून हातात आरसा धरायचा (बाथरूममधला वरचा दिवा नको, तो सगळ्यांनाच आजारी दाखवतो) आणि डोळ्याखालची चामडी बोटाने हलकेच खाली ताणायची. तपकिरी रंग चामडीबरोबर सरकला आणि तेवढाच राहिला तर तो पिगमेंट म्हणजे मेलॅनिनचा. ताणल्यावर निळसर-जांभळा रंग उलट जास्त उठून दिसला तर ते खालचं रक्त, कारण ताणून चामडी अजून पातळ झाली. आणि मान वर करून उजेड सरळ डोळ्याखाली पडू दिल्यावर काळेपणा जवळजवळ नाहीसा झाला तर ती सावली होती. वरच्या पापणीवरही तसाच तपकिरी रंग असेल तर पिगमेंटचा संशय आणखी पक्का होतो, कारण वरच्या पापणीवर खाच नसते. ही टेस्ट काही शंभर टक्के नाही, पण पैसे खर्च करायच्या आधी करायला फुकट आहे.

क्रीमला सगळ्यात जास्त वाव आहे तो पिगमेंटच्या प्रकारात, आणि तिथेही एक अट आहे. मेलॅनिन चामडीच्या वरच्या थरात असेल तर ते हळूहळू वर येऊन झडतं आणि नवीन बनणं कमी करता येतं. पण तेच खालच्या थरात उतरलेलं असेल तर तिथपर्यंत बाहेरून लावलेलं फारसं काही पोचत नाही, आणि असा खोल रंग तपकिरीपेक्षा राखाडी-निळसर दिसतो. स्किनचे डॉक्टर वूड्स लॅम्प नावाचा जांभळट दिवा धरून बघतात, त्यात वरवरचा रंग जास्त गडद उठतो आणि खोलवरचा तितका उठत नाही, त्यावरून अंदाज बांधतात. काहींना हा रंग आई-मावशीसारखाच, शाळेत असल्यापासून असतो, तो घराण्याचा. तो थोडा फिका होऊ शकतो, पूर्ण जात नाही, आणि तसं प्रॉमिस करणाऱ्यापासून लांब राहिलेलं बरं.

आता या प्रकारातलं सगळ्यात दुर्लक्षित कारण म्हणजे चोळणं. सर्दीची अ‍ॅलर्जी, एक्झिमा, काजळ किंवा हेअर डायचं न सोसणं, यातल्या कशानेही डोळ्याभोवती खाज येते, माणूस बोटांच्या सांध्याने डोळे चोळतो, चामडीला सूज येते, आणि सावळी स्किन प्रत्येक सुजेनंतर मागे डाग ठेवून जाते. तिथली चामडी अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ असते, खाली चरबी जवळजवळ नाहीच, त्यामुळे गालावर जे सहज चालतं ते तिथे चालत नाही. चोळणं चालू असताना रंग उतरवणारं क्रीम लावणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. वाईट हे की व्हिटॅमिन सी किंवा अ‍ॅसिडवालं क्रीम चुणचुणलं की तेच आणखी खाज आणतं आणि मग माणूस म्हणतो क्रीम बदलूया.

एक केस घेऊ. समजा पुण्यातली बत्तिशीतली एक बाई आहे, सकाळी उठल्या उठल्या दहा शिंका, थंडीत जास्त, रोज काजळ, रात्री ते वेट वाइपने घासून काढते. आरशातल्या टेस्टमध्ये तिला दिसतं की तपकिरी पट्टा ताणूनही तसाच राहतो आणि वरच्या पापणीवरही आहे, आतल्या कोपऱ्यात थोडं निळसर आहे जे शिंकांच्या दिवशी वाढतं, आणि नाकाजवळून गालाकडे उतरणारी एक बारीक खाच आहे जी मान वर केली की गायब होते. म्हणजे तिन्ही प्रकार थोडे थोडे. हिने पहिला महिना रंग उतरवणारं काहीच लावायचं नाही. डॉक्टरांकडून अ‍ॅलर्जीची गोळी किंवा नाकातला स्प्रे सुरू करायचा, काजळ बंद, आणि मेकअप काढायचाच झाला तर कापसावर क्लीन्झिंग ऑइल घेऊन मिटलेल्या डोळ्यावर काही सेकंद नुसतं ठेवून अलगद उचलायचं, घासायचं नाही. रात्री साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, खूप कोरडं असेल तर वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. सकाळी सनस्क्रीन, त्यातही झिंक ऑक्साइडचं आणि शक्यतो टिंटेड, कारण डोळ्यांना झोंबत नाही आणि टिंटमधलं आयर्न ऑक्साइड नुसत्या उजेडानेही वाढणाऱ्या रंगाला अडवतं. दोन्ही डोळ्यांखाली मिळून मुगाच्या दोन दाण्यांएवढं पुरे.

महिन्याभराने खाज थांबलेली असेल तरच पाच टक्क्यांच्या आसपासचं नायसिनामाइड दिवसातून एकदा. ते सोसलं तर पुढे अझेलिक अ‍ॅसिड किंवा कमी ताकदीचं रेटिनॉल आठवड्यातून दोन रात्री, तेही डोळ्याच्या कडेपासून बोटभर अंतर ठेवून, हाडावर. रेटिनॉल प्रेग्नंसीत नको. दोन क्रीम एकदम सुरू करायची नाहीत, नाहीतर काय झोंबलं हे कळतच नाही. फोटो दर दोन आठवड्यांनी त्याच खिडकीत त्याच वेळेला, कारण रोज आरशात बघून काहीच कळत नाही. अशा बाईला बारा आठवड्यांनी साधारण काय मिळतं तर तपकिरी पट्टा एखाद-दोन शेड फिका, निळसरपणा शिंका नसलेल्या दिवशी कमी, आणि खाच होती तिथेच. ती खाच तशीच राहणार हे आधी माहीत असेल तर माणूस क्रीमला शिव्या घालत नाही.

लवकर रिझल्ट पाहिजे म्हणून जे मेडिकलमधून आणलं जातं त्याबद्दल जरा जास्त बोलावं लागेल. स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असलेल्या ट्यूब आपल्याकडे वर्षानुवर्षं गोरं करायची क्रीम म्हणून खपतायत. 2018 मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडवाली बरीच मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी अमुक ट्यूब द्या म्हटलं की पुष्कळ दुकानांत अजून मिळते. या ट्यूबने पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खरंच फरक दिसतो, तिथेच माणूस फसतो. स्टेरॉइडने चामडी अजून पातळ होते, मग खालच्या शिरा दिसायला लागतात, म्हणजे तपकिरी वर्तुळ घालवायला गेलात आणि जांभळं घेऊन आलात. पापणीवर बरेच महिने वापरलं तर डोळ्याचं प्रेशर वाढणं आणि मोतीबिंदू हेही होऊ शकतं. नुसतं हायड्रोक्विनोन डॉक्टरांच्या हाताखाली ठराविक महिने वापरतात, ते ठीक, पण स्वतःच्या मनाने वर्षभर लावलं तर रंग उतरायच्या ऐवजी निळा-काळा होऊन कायमचा बसू शकतो. लिंबाचा रस आणि टूथपेस्ट या घरगुती वस्तूही याच लाइनीतल्या, भाजतात आणि मग डाग पाडतात. काकडीच्या चकत्या निरुपद्रवी, पण त्यांचं काम गारव्याचं आहे.

गारवा कामाला येतो तो दुसऱ्या प्रकारात, रक्तवाहिन्यांच्या. थंड कपडा पाच-दहा मिनिटं ठेवला की शिरा आकसतात, सूज उतरते, काही तास बरं दिसतं. कॅफीनवालं आय क्रीमही तेवढंच करतं, सकाळी लावा संध्याकाळी संपलं. नाक चोंदलेलं असलं की डोळ्याखालच्या शिरांतलं रक्त मागे तुंबतं, म्हणून अ‍ॅलर्जीवाल्या लहान मुलांचे डोळेही असे काळे-निळे दिसतात, तिथे क्रीम नाही तर नाक मोकळं करणं हा इलाज आहे. झोप कमी झाली किंवा हिमोग्लोबिन उतरलं की चेहरा फिका पडतो आणि मग खालचं सगळं जास्त दिसतं. त्यामुळे लोहाची गोळी कमतरता असेल तर जरूर घ्यावी, पण पिगमेंट त्याने जाणार नाही. क्रीमकडून इथे खरी आशा फक्त रेटिनॉलची, ते काही महिन्यांत चामडीला किंचित जाड करतं, किंचितच. बाकी पीच किंवा नारिंगी करेक्टर निळ्याला मस्त झाकतो, आणि झाकणं हाही एक उपाय आहे, त्यात कमीपणा काही नाही.

तिसऱ्या प्रकाराला, सावलीला, कुठलंही क्रीम काही करू शकत नाही. वय वाढतं तसं गालाची चरबी उतरते, डोळ्याखालची पुढे येते, मधे खाच पडते, त्यावर दोन हजारांचं क्रीम लावा की दोनशेचं, उजेड वरून पडला की सावली पडणारच. फार तर मॉइश्चरायझरने वरच्या बारीक सुरकुत्या भरल्यासारख्या दिसतात. फिलर भरतात, पण जास्त वर भरला तर तोच चामडीतून निळसर दिसतो, आणि क्वचित तो रक्तवाहिनीत जाऊन दृष्टी गेल्याच्याही केसेस आहेत, त्यामुळे ब्युटी पार्लरमध्ये हे करायचं नाही म्हणजे नाही. पिशव्या खूप असतील तर खालच्या पापणीचं ऑपरेशन असतं. लेझर पिगमेंटसाठी वापरतात, पण सावळ्या स्किनवर सेटिंग चुकलं तर आधीपेक्षा काळं होतं.

काही कारणं क्रीमच्या दुकानात सापडतच नाहीत. काचबिंदूसाठी लॅटानोप्रोस्ट किंवा बिमाटोप्रोस्टचे थेंब घालणाऱ्यांची पापणी काळी पडते आणि डोळा आत गेल्यासारखा दिसतो. थेंब बदलले तर रंग बहुतेक वेळा काही महिन्यांत उतरतो, पण ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायचे नाहीत, नजर जाईल. मानेवर आणि काखेत मखमली काळेपणा असून डोळ्याभोवतीही काळं होत असेल तर आधी साखर तपासायची. आणि एकाच डोळ्याभोवतीचा निळा-राखाडी डाग जन्मापासून असेल, त्याची छटा डोळ्याच्या पांढऱ्या भागातही असेल, तर तो बहुतेक नीव्हस ऑफ ओटा, त्यावर क्रीम चालत नाही, लेझर लागतो, आणि डोळ्याचं प्रेशर वेळच्या वेळी तपासून घ्यावं लागतं.