मुक्त वस्तू आकृतीची तपासणी

एखाद्या वस्तूला आजूबाजूच्या सगळ्या गोष्टींपासून वेगळी काढून तिच्यावर बाहेरून लागणारी बले बाणांनी दाखवली, की मुक्त वस्तू आकृती (फ्री बॉडी डायग्राम) तयार होते. यांत्रिकीतल्या गणितात पुढची सगळी समीकरणे या आकृतीवरून लिहिली जातात, म्हणून एखादा बाण राहून गेला किंवा उलटा काढला गेला, तर बीजगणित कितीही नेटके असले तरी उत्तर चुकते. समीकरणे लिहिण्यापूर्वी आकृतीतले बाण आणि दिशा पडताळून पाहणे म्हणजे तिची तपासणी.

प्रत्येक बाणाला दोन प्रश्न विचारावेत. हे बल कोणी लावले? आणि त्याच्या जोडीचे बल कोणावर आहे? पहिल्याने नसलेली बले उघडी पडतात आणि दुसऱ्याने राहून गेलेली सापडतात.

बल लावणारा कोण

बल म्हणजे एका वस्तूने दुसऱ्या वस्तूवर केलेली क्रिया. त्यामुळे प्रत्येक बाणाशेजारी ‘पृथ्वीने’, ‘दोरीने’, ‘जमिनीने’ असे कर्त्याचे नाव लिहिता आले पाहिजे. नाव सापडत नसेल तर तो बाण खोडावा. वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्यावरही त्याच्यावर ‘हाताचे बल’ वरच्या दिशेने दाखवणे, ही या प्रकारची सर्वांत चिवट चूक आहे. हात आता चेंडूला टेकलेला नाही. चेंडू वर जातो आहे तो त्याच्याजवळ असलेल्या वेगामुळे, आणि वेग हे बल नव्हे. हवेचा विरोध सोडला तर त्याच्यावर एकच बाण उरतो, पृथ्वीच्या ओढीचा, खालच्या दिशेने. वस्तुमान गुणिले त्वरण हा गुणाकारही वेगळे बल म्हणून काढायचा नसतो, कारण तो सगळ्या बलांच्या बेरजेइतका असतो. वर्तुळाकार गतीत ‘अभिकेंद्री बल’ असा स्वतंत्र बाण काढणे ही तीच चूक. केंद्राकडे ओढणारी दोरी, घर्षण किंवा गुरुत्व आकृतीत आधीच असते, आणि वेगळा बाण काढला की ते दोनदा मोजले जाते.

राहून गेलेली बले शोधायची तर वस्तूच्या कडेने मनात एक पूर्ण फेरी मारावी. जिथे जिथे दुसरी वस्तू टेकते तिथे थांबावे. पृष्ठभाग टेकत असेल तर पृष्ठभागाला लंब दिशेने एक बल शक्य असते आणि पृष्ठभाग खडबडीत असेल तर त्याला समांतर घर्षण. दोरी बांधलेली असेल तर ताण. फेरी संपली की न टेकता लागणारी बले जोडावीत. शालेय गणितात बहुतेक वेळा ते फक्त वजन असते. द्रव किंवा हवा वस्तूला सगळीकडून टेकते, हे या फेरीत सहज निसटते. उत्प्लावक बल आणि हवेचा विरोध सोडून द्यायचे असतील, तर तसे गणितात म्हटलेले असावे.

एक सोडवलेले उदाहरण

जमिनीवर ३ किलोग्रॅमचा ठोकळा ख आहे आणि त्याच्यावर २ किलोग्रॅमचा ठोकळा क ठेवला आहे. ख ला २० न्यूटन बलाने उजवीकडे ओढले जाते आणि तो उजवीकडे घसरतो आहे. ख आणि जमीन यांमधला गतिक घर्षण गुणांक ०.२ आहे. दोन ठोकळ्यांमधला स्थितिक घर्षण गुणांक ०.५ आणि गतिक घर्षण गुणांक ०.४ आहे. गुरुत्व त्वरण १० मीटर प्रति सेकंद वर्ग धरू.

क ला फक्त ख टेकतो. म्हणून क वर तीन बाण येतात : पृथ्वीची ओढ २० न्यूटन खाली, ख चा लंब दाब २० न्यूटन वर, आणि ख ने लावलेले घर्षण. हे घर्षण कुठल्या दिशेला?

‘घर्षण गतीच्या विरुद्ध असते’ हे पाठ केलेले वाक्य इथे फसवते. क उजवीकडे जातो आहे, म्हणून घर्षण डावीकडे, असे काढले तर क वर आडवे बल ते एकटेच उरते आणि क चे त्वरण डावीकडे येते. पण क तर ख बरोबर उजवीकडे वेग वाढवत जातो आहे. घर्षणाचा विरोध टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरील घसरण्याला असतो. जमिनीवरून पाहणाऱ्याला दिसणाऱ्या गतीशी त्याचा थेट संबंध नाही. स्थितिक घर्षणाची दिशा ठरवायला त्या एका जागचे घर्षण क्षणभर नाहीसे झाले असे समजावे. ख पुढे निसटेल आणि त्याच्या तुलनेत क मागे राहील. मागे राहण्याला विरोध म्हणजे पुढे ढकलणे. क वरचे घर्षण उजवीकडे आहे.

ख ची फेरी मारताना तीन ठिकाणी थांबावे लागते : खाली जमीन, वर क, पुढे ओढणारी दोरी. म्हणून बाण सहा येतात. पृथ्वीची ओढ ३० न्यूटन खाली, क चा दाब २० न्यूटन खाली, जमिनीचा लंब दाब ५० न्यूटन वर, दोरीची ओढ २० न्यूटन उजवीकडे, जमिनीचे घर्षण १० न्यूटन डावीकडे (५० च्या ०.२ पट), आणि क चे घर्षण डावीकडे. राहून जाणारे बाण बहुधा दोनच असतात, आणि दोन्ही क ने लावलेले : त्याचा खालचा दाब आणि त्याचे मागे ओढणारे घर्षण. इथे जोडीचा प्रश्न उपयोगी पडतो. क च्या आकृतीत ‘ख चा दाब वर’ असा बाण आहे, तर ख च्या आकृतीत तेवढाच ‘क चा दाब खाली’ असला पाहिजे. घर्षणाचेही तसेच.

ही जोडी ओळखताना एक गफलत नेहमी होते. क वरचे वजन आणि क वरचा लंब दाब ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची जोडी मानली जाते. दोन्ही २० न्यूटन आहेत, दिशा विरुद्ध आहेत, पण दोन्ही एकाच वस्तूवर आहेत. जोडीची बले नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात आणि एकाच प्रकारची असतात. क च्या वजनाची जोडी म्हणजे क ने पृथ्वीला वर ओढणे. हा बाण पृथ्वीच्या आकृतीत जातो, ख च्या नाही.

आता आकड्यांनी पडताळू. दोन्ही ठोकळे एकत्र जातात असे समजून त्यांना ५ किलोग्रॅमची एकच वस्तू मानले, तर आडवे बल २० वजा १० म्हणजे १० न्यूटन आणि त्वरण २. त्या त्वरणासाठी क ला ४ न्यूटन घर्षण लागते. उपलब्ध मर्यादा २० च्या ०.५ पट, म्हणजे १० न्यूटन आहे, तेव्हा एकत्र जाण्याचे गृहीतक टिकते. ख साठी २० वजा १० वजा ४ म्हणजे ६ न्यूटन, भागिले ३, त्वरण पुन्हा २. जुळले.

आकृती चुकलेली असती तर हे जुळले नसते. ख वर क चे घर्षण विसरले तर ख चे त्वरण ३.३३ येते आणि एकत्र जाणाऱ्या ठोकळ्यांचे २, असा विसंवाद दिसतो. क चा खालचा दाब विसरला तर जमिनीचा दाब ३० आणि घर्षण ६ न्यूटन येते. मग ख चे त्वरण पुन्हा ३.३३, आणि क चे २.

यापेक्षाही चांगली कसोटी म्हणजे दोन आकृत्या एकमेकींवर ठेवून बेरीज करणे. क आणि ख यांनी एकमेकांवर लावलेले सगळे बाण जोडीजोडीने नाहीसे झाले पाहिजेत, आणि एकत्रित वस्तूची आकृती उरली पाहिजे : ५० खाली, ५० वर, २० उजवीकडे, १० डावीकडे. या बेरजेत ठोकळ्यांनी एकमेकांवर लावलेला एखादा बाण एकटा उरला, तर त्याचा जोडीदार विसरला आहे किंवा त्याची दिशा चुकली आहे. या कसोटीला त्वरण माहीत असण्याची गरज नसते, म्हणून समीकरणे लिहिण्याआधीच ती लावता येते.

ओढ वाढवून ४० न्यूटन केली तर एकत्रित त्वरण ६ येते. त्यासाठी क ला १२ न्यूटन घर्षण लागेल, जे १० च्या मर्यादेपलीकडे आहे. म्हणून क घसरतो. आता क वरचे घर्षण ८ न्यूटन, दिशा उजवीकडेच, आणि क चे त्वरण ४. ख चे त्वरण (४० − १० − ८) ÷ ३, म्हणजे सुमारे ७.३३. ख जास्त वेग घेतो, क त्याच्या तुलनेत मागे घसरतो, आणि क वरचे घर्षण पुढे आहे. दिशा सुसंगत आहे. बदल होतो तो ओढ ३५ न्यूटन असताना.

उणे उत्तराचा अर्थ

दिशा आधी अंदाजाने धरून उत्तर उणे आले, तर काय समजायचे हे बलाच्या प्रकारावर ठरते. स्थितिक घर्षण उणे आले तर बाण फक्त उलटा करावा, बाकी गणित तसेच राहते. गतिक घर्षणाची दिशा मात्र घसरण्याच्या दिशेवरून आधीच ठरते. वस्तू प्रत्यक्षात उलट दिशेने घसरते असे निघाले, तर चिन्ह बदलून भागत नाही, गणित नव्याने करावे लागते. लंब दाब फक्त ढकलू शकतो, म्हणून तो उणे आला तर पृष्ठभाग सुटला आहे. दोरी फक्त ओढू शकते, म्हणून उणे ताण म्हणजे सैल दोरी. दोन्ही वेळा तो बाण काढून टाकून गणित पुन्हा मांडावे.

लंब दाब नेहमी वजनाइतका, किंवा उतारावर वजनाच्या कोसाइन घटकाइतका, असे गृहीत धरू नये. ठोकळ्याला तिरक्या दोरीने वर ओढले तर लंब दाब कमी होतो, आणि त्याबरोबर घर्षणही. तसेच उतारावर वजनाचे दोन घटक काढल्यावर मूळ वजनाचा बाण तसाच ठेवला तर वजन दोनदा मोजले जाते. घटक तुटक रेषेने दाखवले की हा गोंधळ टळतो.

आकडे जुळूनही न दिसणाऱ्या चुका

गुळगुळीत सपाट पृष्ठभागावर वजन आणि लंब दाब दोन्ही विसरले तरी आडवे त्वरण बरोबर येते, कारण राहिलेली दोन बले एकमेकांना रद्द करतात. पृष्ठभाग खडबडीत झाला की तीच आकृती घर्षण देऊ शकत नाही. त्यामुळे उत्तर बरोबर आले हा आकृती बरोबर असल्याचा पुरावा ठरत नाही, आणि स्पर्शाची फेरी सोप्या गणितातही मारावी लागते.

लांब वस्तूंच्या बाबतीत बल कुठे लागते हेही पाहावे लागते. गुळगुळीत भिंतीला टेकलेली शिडी स्थिर असेल, तर भिंतीचा दाब भिंतीला लंब, म्हणजे आडवा असतो, आणि शिडी एकसारखी असेल तर वजन तिच्या मध्यातून खाली जाते. जमिनीचा लंब दाब आणि घर्षण यांची मिळून एक तिरकी प्रतिक्रिया धरली, तर शिडीवर तीनच बले राहतात. समांतर नसलेल्या तीन बलांखाली वस्तू स्थिर असेल तर त्यांच्या रेषा एकाच बिंदूतून जातात. भिंतीच्या दाबाची रेषा आणि वजनाची रेषा वाढवून त्यांचा छेदबिंदू काढावा. जमिनीची प्रतिक्रिया शिडीच्या पायथ्यापासून त्या बिंदूकडे जाते, म्हणजे ती भिंतीच्या बाजूला झुकलेली असते. यावरून जमिनीचे घर्षण भिंतीकडे आहे हे मोजपट्टीने रेषा ओढूनच कळते. आकृतीत घर्षण भिंतीपासून दूर दाखवले असेल, किंवा मुळीच नसेल, तर तिन्ही रेषा एका बिंदूत मिळणार नाहीत.