लग्न झाले की ग्रॅच्युइटीचे जुने नॉमिनेशन रद्द होते का? नमुना ‘एफ’मधल्या एका ओळीची पार्श्वभूमी

रुजू होण्याच्या दिवशी समोर आलेल्या गठ्ठ्यात ग्रॅच्युइटीचा नमुना ‘एफ’ असतो. नाव, विभाग, हुद्दा, कायमचा पत्ता, नॉमिनीचे नाव, नाते, वय, वाटा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या एवढे दहा मिनिटांत भरून होते. पण या अर्जाच्या मधोमध एक छापील वाक्य आहे: ‘माझे वडील/आई/आईवडील माझ्यावर अवलंबून नाहीत.’ बहुतेक जण ते न वाचताच खाली सही करतात. लग्नानंतर आपले नॉमिनेशन टिकणार की नाही, हे मात्र बऱ्याचदा याच वाक्यावर ठरते.

हे वाक्य तिथे कसे आले, ते समजायला थोडे मागे जावे लागते. 1972 पूर्वी देशभर सगळ्यांना लागू होईल असा ग्रॅच्युइटीचा कायदा नव्हता. 1955 च्या कायद्याने श्रमिक पत्रकारांना ती मिळाली होती. इतरत्र ती कामगार संघटनांशी झालेले करार, औद्योगिक न्यायाधिकरणांचे निवाडे किंवा मालकाची स्वतःची योजना यांवर अवलंबून असे. सत्तरचे दशक उजाडताना केरळ आणि पश्चिम बंगाल या राज्यांनी आपापले कायदे केले. प्रत्येक राज्यात वेगळा नियम होऊ नये म्हणून संसदेने उपदान प्रदान अधिनियम, 1972 केला आणि तो 16 सप्टेंबर 1972 पासून लागू झाला.

एरवी ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर ही अट उरत नाही. मग पैसे कोणाच्या हाती द्यायचे, याचे उत्तर कलम 6 मध्ये होते. एक वर्ष सेवा झालेल्या प्रत्येकाने नॉमिनेशन द्यायचे. त्या वेळी कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा, बाहेरच्याचे नाव लिहिले तर ते मुळातच निरर्थक. कुटुंब नसेल तर कोणाचेही नाव चालते, पण पुढे कुटुंब झाले की ते नॉमिनेशन तत्काळ बाद होते. मालकाने कळवावे लागत नाही, कोणी आदेश काढावा लागत नाही. कागद फाइलमध्ये तसाच राहतो आणि त्यातला जीव निघून जातो.

इथे ‘कुटुंब’ म्हणजे घरात राहणारी माणसे नव्हेत. पती किंवा पत्नी, विवाहित-अविवाहित सगळी मुले, अवलंबून असलेले आईवडील, जोडीदाराचे अवलंबून असलेले आईवडील, आणि आधीच वारलेल्या मुलाची विधवा व मुले, एवढीच यादी 1972 च्या कायद्यात आहे. भाऊ-बहीण यात नाहीत. आईवडील आहेत, पण ‘अवलंबून’ असतील तरच. म्हणून तर ते छापील वाक्य अर्जात आहे. लागू नसेल तर ते खोडायचे असते.

(त्याच्याच जवळ आणखी एक जुनी ओळ भेटते: पतीला कुटुंबातून वगळल्याची नोटीस दिली आहे, अशी. मूळ कायद्यात महिला कर्मचाऱ्याला ती मुभा होती. 1987 च्या दुरुस्तीने ती काढली, पण ओळ छापील नमुन्यात राहून गेली. ती खोडावी.)

आता एक काल्पनिक उदाहरण बारकाईने पाहू. अविवाहित तरुण जून 2014 मध्ये कारखान्यात लागला. नॉमिनी म्हणून आईचे नाव, वाटा 100 टक्के. अवलंबून नसल्याचे वाक्य खोडले नाही. 2019 मध्ये लग्न झाले, 2022 मध्ये मुलगा झाला, अर्ज तोच राहिला. जानेवारी 2024 मध्ये त्याचा मृत्यू झाला. वडील आधीच वारलेले. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 31,200 रुपये. त्याला 26 ने भागून 15 ने गुणले की एका वर्षाचे 18,000 होतात. सेवा नऊ वर्षे सात महिने, सहा महिन्यांच्या वरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून दहा वर्षे. एकूण 1,80,000 रुपये.

त्याच्याच सहीनुसार आई अवलंबून नव्हती, म्हणजे 2014 मध्ये कायद्याच्या भाषेत त्याला कुटुंब नव्हते. लग्नाने ते झाले आणि आईच्या नावाचे नॉमिनेशन बाद ठरले. आता रक्कम वारसांना जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्याने आई, पत्नी आणि मुलगा यांना प्रत्येकी 60,000 येतात. अज्ञान मुलाचे 60,000 नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जमा होऊन त्याच्या नावे गुंतवले जातात. नॉमिनीच्या नमुना ‘जे’ऐवजी प्रत्येक वारसाने ‘के’ भरायचा, वारस असल्याचा पुरावा जोडायचा, आणि इथेच महिनोन्‌महिने जातात.

तेच वाक्य खोडले असते आणि आई खरोखर अवलंबून असती, तर चित्र उलटे. 2014 मध्ये कुटुंब होतेच, म्हणून लग्नाने नॉमिनेशन बाद होत नाही. मालक पूर्ण 1,80,000 आईच्या हाती देतो. पत्नी आणि मुलाचे नाव कागदावर कुठेच नसते, त्यांना वारस म्हणून वेगळा दावा करावा लागतो. ‘लग्न झाले की जुने नॉमिनेशन आपोआप रद्द’ हे सरसकट खरे नाही, ते असे.

म्हणून दुरुस्तीचे अर्जही दोन आहेत. आधी कुटुंब नव्हते आणि लग्नाने झाले, तर नमुना ‘जी’, कुटुंब झाल्यापासून 90 दिवसांत. आधीचे नॉमिनेशन वैध आहे पण नाव किंवा वाटा बदलायचा आहे, तर नमुना ‘एच’. मूल जन्मल्याने काहीही बाद होत नाही. पत्नीच्या नावे 100 टक्के असेल तर ते तसेच राहते, मुलाला वाटा द्यायचा असेल तर ‘एच’ भरून 50-50 असे लिहावे लागते. वाट्यांची बेरीज 100 होते का, हे पाहावे. नॉमिनी आधी वारला तर त्याचा वाटा कर्मचाऱ्याकडे परत येतो, तेव्हाही नवा अर्ज द्यावा लागतो.

भविष्य निर्वाह निधीच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन केले म्हणजे हेही झाले, असा समज फार दिसतो. तो निधी वेगळा आहे, तिथली नोंद इथे येत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून 1972 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आणि नॉमिनेशन कलम 55 मध्ये गेले. एक वर्षाच्या सेवेनंतर नॉमिनेशन, कुटुंब असल्यास कुटुंबातलाच नॉमिनी, हा सांगाडा तोच आहे. नव्या नियमांत नमुन्यांची अक्षरे बदलू शकतात, म्हणून अर्ज भरताना कार्यालयाकडून चालू नमुना घ्यावा. दप्तरातले जुने कागद मात्र ‘एफ’, ‘जी’, ‘एच’ याच नावांनी सापडतील.

1972 च्या नियमांप्रमाणे अर्ज दोन प्रतींत द्यायचा, पोच घ्यायची, आणि मालकाने 30 दिवसांत सेवेचा तपशील तपासून दुसरी प्रत साक्षांकित करून परत द्यायची. नॉमिनेशन लागू होते ते मालकाला अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून, सहीच्या तारखेपासून नव्हे. रुजू होताना भरलेल्या अर्जाची अशी शिक्का मारलेली प्रत घरी नसेल, तर ती मनुष्यबळ विभागाकडे लेखी मागावी आणि हाती आली की आधी ते ‘अवलंबून नाहीत’ वाक्य खोडले आहे का, ते पाहावे.