बिनतारी लिंक (दुकान ते गोदाम): दिशा ढळल्यामुळे अथवा अडथळ्यामुळे घटणारा वेग

दुकानातले इंटरनेट, बिलिंगचे सॉफ्टवेअर किंवा गोदामातल्या कॅमेऱ्यांची चित्रे रस्त्यापलीकडच्या वा बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाच्या गोदामापर्यंत नेण्यासाठी दोन गच्च्यांवर समोरासमोर अँटेना बसवून जी जोडणी करतात, तिला बिनतारी लिंक म्हणतात. भारतात यासाठी बहुधा 5725 ते 5875 मेगाहर्ट्झ हा परवानामुक्त पट्टा वापरतात. अशी लिंक बिघडली तरी सहसा एकदम तुटत नाही. सिग्नल क्षीण झाला की दोन्हीकडची यंत्रे प्रत्येक संकेतात कमी बिट भरू लागतात आणि वेग पायरीपायरीने खाली येतो. त्यामुळे बिल निघत राहते, कॅमेऱ्याचे चित्र मात्र अडकते, आणि दोष इंटरनेट कंपनीच्या माथी मारला जातो.

निदानासाठी आधी सिग्नल किती यायला हवा हे ठाऊक असावे लागते. त्याची शक्ती डीबीएममध्ये मोजतात, आणि उणे आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण. अंतर 400 मीटर, दोन्हीकडे सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाच्या 23 डीबीआय क्षमतेच्या डिश आणि प्रक्षेपणशक्ती 13 डीबीएम असेल, तर मोकळ्या हवेत सुमारे 100 डेसिबल घट होऊन समोर उणे 41 डीबीएमच्या आसपास सिग्नल पोहोचतो. यंत्राच्या पडद्यावर उणे 56 दिसत असेल, तर 15 डेसिबल वाटेत कुठेतरी हरवले आहेत. आकडा अपेक्षेइतका असूनही वेग कमी असेल, तर अँटेनाला हात लावू नये. पाणी शिरलेला केबलचा जोड किंवा 10 मेगाबिटवर उतरलेले पोर्ट आधी तपासावे. दिशा व अडथळा यांमुळे होणारी घट दोन्ही दिशांना सारखीच असते. म्हणून यंत्रे व शक्ती सारखी असताना सिग्नल दोन्हीकडे ठीक, पण वेग एकाच टोकाला खराब असेल, तर तिथला गोंगाट, म्हणजे शेजारच्या वायफायचा उपद्रव, हे कारण अधिक संभवते.

वाऱ्याने डिश जराशी हलली की सिग्नल खूप घटतो, असा दिशा ढळण्याबद्दल एक गैरसमज रूढ आहे. अशा डिशचा मुख्य झोत सुमारे 12 अंश रुंद असतो, म्हणजे मध्यापासून 6 अंश सरकली तरी केवळ 3 डेसिबल जातात, आणि 400 मीटरवर 6 अंश म्हणजे 42 मीटर. त्यामुळे वाऱ्याने डिश किंचित हलल्यावर 15 डेसिबल जात नाहीत. तेवढे जायला ती डोळ्यांना दिसेल इतकी वळलेली असावी लागते. याला अपवाद मूळ जुळवणीतल्या चुकीचा आहे. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना दुय्यम झोत असतात, आणि बसवणाऱ्याने त्यांतल्या एखाद्यावर क्लॅम्प आवळला, तर सिग्नल पहिल्या दिवसापासूनच कमी असतो. म्हणून डिश हळूहळू एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पूर्ण फिरवावी, सिग्नल चढतो ती सगळी ठिकाणे पाहावीत आणि सर्वांत उंच टोक निवडावे. मग वर-खाली कल जुळवावा. नट आवळताना डिश पुन्हा थोडी सरकते, तेव्हा दोन्ही बाजूंचे नट आलटून पालटून, आकड्यावर नजर ठेवूनच आवळावेत. ही जुळवणी एका वेळी एकाच टोकाला करावी.

गावच्या मार्केट यार्डात अडथळा जास्त वेळा आढळतो, आणि तो कधी उद्भवला यावरून ओळखता येतो. पावसाळ्यात झाडाला पालवी भरली की घट हळूहळू वाढते, आणि पाने ओली झाली की आणखी वाढते. एवढ्या अंतरावर खुद्द पावसाच्या धारांनी होणारी घट मात्र नगण्य असते. अडथळा ट्रकचा असेल, तर ते उभे राहतात त्याच वेळात लिंक मंदावते. नव्या पत्र्याच्या शेडमुळे सिग्नल एका दिवसात घसरतो आणि मग आकडा तिथेच थांबतो.

वरच्या उदाहरणात मधोमध, दोन्हीकडून 200 मीटरवर, अशी शेड उभी राहिली आणि तिच्या छताचा माथा अँटेनांना जोडणाऱ्या रेषेच्या 2 मीटर वर गेला, तर सुमारे 15 डेसिबल जातात. बाजारात गोंगाट उणे 76 असेल, तर सिग्नल व गोंगाट यांतले अंतर 35 वरून 20 डेसिबलवर येते आणि वेग निम्म्यावर किंवा त्याखाली घसरतो. दुर्बिणीने पाहून रेषा मोकळी दिसणे पुरेसे नसते, कारण लहरी रेषेभोवतीच्या फुगीर पट्ट्यातून, म्हणजे फ्रेनेल क्षेत्रातून, जातात. इथे मध्यभागी त्याची त्रिज्या सुमारे 2.3 मीटर आहे आणि तिचा 60 टक्के भाग, म्हणजे सुमारे 1.4 मीटर, मोकळा हवा. म्हणजे रेषा शेडच्या जागी 3.4 मीटर वर जायला हवी. त्यासाठी दोन्ही पाइप तितके उंच करावे लागतात, किंवा एकच टोक 6.8 मीटर. शेड गोदामाच्या जवळ असती, तर गोदामाकडचा पाइप चढवणे जास्त उपयोगी पडले असते. उंच पाइप ताण दिल्याशिवाय वाऱ्यात डोलतो, म्हणून तीन दिशांना तारेचे ताण बांधावे लागतात. एवढी उंची शक्य नसेल, तर जागा बदलावी, किंवा दोन्ही ठिकाणे दिसणाऱ्या तिसऱ्या गच्चीवरून लिंक दोन टप्प्यांत न्यावी. डिश फिरवत बसून शेडने खाल्लेले 15 डेसिबल परत मिळत नाहीत.