कुलमुखत्यारपत्र वडिलांच्या पश्चात चालत नाही

"बाबा परदेशात असतात. त्यांनी माझ्या नावे जनरल कुलमुखत्यारपत्र केलंय. म्हणजे फ्लॅट आता माझाच आणि त्यांच्या पश्चातही मीच विकू शकतो ना?"

नाही. मालकी बाबांचीच राहते. तुम्ही फक्त त्यांच्या वतीने सही करता. अशा कागदाने मालकी बदलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार बाबांच्या मृत्यूने अधिकार संपतो. त्यांना स्मृतिभ्रंश होऊन सारासार समजेनासे झाले, तरीही संपतो. नेमकी गरज लागते तेव्हाच कागद निरुपयोगी, हे विचित्र आहे खरे! मृत्यूनंतर वारसाहक्क किंवा मृत्युपत्राचाच रस्ता.

मसुद्यात "सर्व व्यवहार" एवढेच लिहू नका. न्यायालये अधिकार काटेकोर वाचतात. फ्लॅटचा पत्ता, विक्री, पैसे स्वीकारणे, दस्तनोंदणी हे स्वतंत्र लिहा. बक्षीसपत्राचा अधिकार नको असेल तर तसेही नमूद करा. बाबांनी तिथे भारतीय वकिलातीत किंवा नोटरीसमोर सही करावी. कागद भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे.

रद्द करताना मात्र घरी कागद फाडून भागत नाही. समजा, बाबांनी मार्चमध्ये रद्दपत्र केले, पण बँकेला कळवलेच नाही. एप्रिलमध्ये मुलाने सही केली आणि बँकेने विश्वासाने व्यवहार केला, तर तो बाबांवर बंधनकारक ठरू शकतो. म्हणून मुलाला, बँकेला, सोसायटीला लेखी कळवून पोच घ्यावी, आणि मूळ प्रत परत मागावी.