प्लॅस्टिक कचऱ्यावरील शालेय भाषण

वक्तृत्व स्पर्धेसाठी साधारण बारा वर्षांच्या विद्यार्थ्याने तयार केलेले तीन-चार मिनिटांचे भाषण. त्याच्या एका प्रकारात वक्ता ऐकणाऱ्यांना थबकायला लावणारे एकच तथ्य सांगतो आणि एकच कृती सुचवतो. ही मर्यादा वेळेतून येते. घाई न करता तीन मिनिटांत सुमारे तीनशे शब्द बोलून होतात. ‘अध्यक्ष महोदय, परीक्षक, गुरुजन’ हे संबोधन आणि शेवटचे आभार वजा केले, तर विषयाच्या वाट्याला अडीचशेच शब्द येतात. तेवढ्यात पाच आकडे कोंबले की सभागृहाला एकही आठवत नाही.

खरी अडचण तथ्य निवडताना येते, कारण जे सर्वांत चटकदार असते ते बहुधा सर्वांत कच्चे निघते. ‘2050 पर्यंत समुद्रात माशांपेक्षा प्लॅस्टिक जास्त असेल’ हे वाक्य एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2016 च्या अहवालामुळे जगभर पसरले. त्यातली तुलना वजनाची आहे, हे भाषणात सहसा गळते. शिवाय समुद्रातल्या एकूण माशांचे वजन हाच मुळात ढोबळ अंदाज आहे. ‘बाटली कुजायला 450 वर्षे लागतात’ हेही असेच. बाटल्यांच्या पेट प्लॅस्टिकचा शोध 1941 सालचा, तेव्हा 450 वर्षे उलटलेली कोणी पाहिलेली नाहीत.

अमेरिकेत रोज 50 कोटी स्ट्रॉ वापरल्या जातात, हा आकडा तर 2011 मध्ये नऊ वर्षांच्या एका मुलाने काही उत्पादकांना फोन करून काढला होता. प्रयत्न कौतुकाचाच, पण मोठमोठी वृत्तपत्रे तो आकडा न तपासता छापत राहिली आणि पुढे बाजार-अभ्यासकांचे अंदाज त्याहून बरेच खाली आले.

टिकाऊ तथ्याचा नमुना म्हणजे 2017 मध्ये ‘सायन्स अॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलेला हिशेब. 2015 पर्यंत जगात तयार झालेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी सुमारे 9 टक्क्यांचाच पुनर्वापर झाला. सुमारे 12 टक्के जाळला गेला आणि उरलेला 79 टक्के कचराभूमीत किंवा उघड्यावर साचला. मुलाच्या तोंडी हे असे बसते : ‘शंभर किलो कचऱ्यातला फक्त नऊ किलो पुन्हा कामाला आला.’ इथे किलोऐवजी ‘शंभर बाटल्यांतल्या नऊ’ म्हणण्याचा मोह होतो, पण ते चूक आहे. हा आकडा सर्व प्रकारच्या प्लॅस्टिकचा आहे आणि बाटल्या इतर पुष्कळ प्रकारांपेक्षा अधिक प्रमाणात परत वापरल्या जातात.

दुसरी चूक अधिक घातक असते आणि ती लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मुलगा 9 टक्के सांगतो आणि शेवटी म्हणतो, ‘म्हणून प्लॅस्टिक वेगळ्या डब्यात टाका.’ वेगळे करणे चांगलेच. पण नऊच टक्के परत येत असतील तर डबा कशाला, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतो. या तथ्याला साजेशी कृती कचरा मुळात न होऊ देणारी हवी.

उदाहरणार्थ, वह्यांना प्लॅस्टिकचे कव्हर न घालणे. चाळीस मुलांचा वर्ग आणि प्रत्येकी आठ वह्या धरल्या, तर एका वर्षात 320 कव्हरे होतात. हा गुणाकार वर्गात कोणालाही करून पाहता येतो, आणि पाठ केलेल्या जागतिक आकड्यापेक्षा तोच जास्त लक्षात राहतो. पातळ प्लॅस्टिक वजनाने हलके असते, कचरा वेगळा करणाऱ्या यंत्रात अडकते आणि त्यामुळे त्याचा पुनर्वापर क्वचितच होतो. म्हणजे कृती पुन्हा त्या नऊ किलोंपाशी येऊन पोचते. ‘जनजागृती करूया’ ही मात्र कृती नव्हे. ती केली की नाही, हे दुसऱ्या दिवशी पाहता येत नाही. कव्हर आहे की नाही, ते दिसते.

बोलताना ‘नऊ किलो’नंतर दोन श्वासांइतके थांबायचे असते. पाठांतर पक्के असलेली मुले नेमकी इथेच धावतात. मोठ्यांनी लिहून दिलेले भाषणही इथेच ओळखू येते : ‘पर्यावरणीय ऱ्हासाची विदारक परिस्थिती’ म्हणताना मुलाची जीभ अडखळते, तर ‘माझ्या दप्तरात आठ कव्हरे होती’ हे ते न चाचरता सांगते.

परीक्षक प्रश्न विचारणार असतील, तर एक हमखास येतो : प्लॅस्टिकऐवजी कागदाचे कव्हर घातले, तर कागदासाठी झाडे तुटत नाहीत का? नवा कागद आणला तर हा आक्षेप खराच आहे. म्हणून सुचवलेल्या कृतीत ‘जुन्या कॅलेंडरचे किंवा वर्तमानपत्राचे कव्हर’ हे शब्द आधीच असलेले बरे.