फुलका (आचेवर फुगवणे)

गव्हाच्या कणकेची, तेल न लावता एकेरी लाटलेली पातळ पोळी आधी तव्यावर दोन्ही अंगांनी अर्धवट भाजून मग उघड्या आचेवर टम्म फुगवण्याची रीत. आईन-इ-अकबरीत (१६व्या शतकाची अखेर) लोखंडी पत्र्यावर भाजलेल्या पातळ चपातीचा उल्लेख आढळतो. मात्र तेवढ्यावरून आचेवर फुगवण्याची रीत त्या काळाइतकी जुनी मानणे धाडसाचे ठरेल.

फुगण्याचे श्रेय काही जण कणकेत कोंडलेल्या हवेला देतात. पण ३०° से. वरून १००° से. पर्यंत तापलेली हवा जेमतेम पावपट वाढते, तर १ ग्रॅम पाण्याची सुमारे १.७ लिटर वाफ होते. त्यामुळे वाफेचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. ३० ग्रॅमच्या गोळ्यात साधारण ११ ग्रॅम पाणी असते आणि अर्धा लिटर पोकळी भरायला त्यातले ०.३ ग्रॅमही पुरते. फुलका फुगला नाही तर दोष सहसा पाण्याच्या कमतरतेचा नसतो, वाफ कोंडून न राहण्याचा असतो.

वाफ कोंडतात ते दोन्ही अंगांचे पापुद्रे. कणकेचा चिवटपणा ग्लुटेनमुळे येतो हे खरे. तरी ग्लुटेन नसलेली ज्वारीची भाकरीही फुगते. त्यावरून उष्णतेने शिजून सांधलेल्या स्टार्चचा वाटाही मोठा असावा.

पहिली बाजू म्हणूनच थोडा वेळच भाजतात. तवा नीट तापलेला असेल (पाण्याचा थेंब त्यावर टिकत नाही, नाचून उडतो) तर १५ ते २० सेकंद पुरतात. वरचा रंग बदलून बारीक फोड दिसू लागले की उलटावे. त्याआधी उलटल्यास पापुद्रा कच्चा राहून फाटतो. उशीर झाल्यास तो वाळून ताठ होतो आणि पुढे ताणला जात नाही. दुसरी बाजू तपकिरी ठिपके येईपर्यंत, ३० ते ४० सेकंद, भाजावी. मग चिमट्याने उचलून पहिली, म्हणजे कमी भाजलेली बाजू आचेकडे धरावी. तीच अजून लवचिक असते. मंद तव्यावर हे गणित कोलमडते: पापुद्रा धरण्याआधीच पाणी उडून जाते आणि फुलका कडक होतो.

३० ग्रॅमचा गोळा १६ सेंमी व्यासाचा लाटला तर जाडी सरासरी सव्वा मिलिमीटर भरते. नवशिक्याचे लाटणे मध्यभागी दाबले जाते. तिथे पीठ आरपार वाळते, वरखालचे पापुद्रे सुटायला मधला ओलावा उरत नाही, आणि कडा मात्र कच्च्या राहतात. असा फुलका आचेवर एका बाजूला फुगवटा धरतो आणि तिथेच बसतो. लाटण्याचा जोर कडेकडे ठेवून पोळी फिरती राखली की हे टळते. सुरकुती किंवा कडेची चीर असल्यास वाफेची बारीक शिट्टी ऐकू येते. ते छिद्र उलथन्याने दाबून धरल्यास उरलेला भाग बहुधा फुगतो. जादा पिठी लाटल्यावर झटकावी, नाहीतर ती आचेवर जळून काळे ठिपके पडतात.